बॉटचे स्वागत आणि माणसापर्यंतची वाट

(मुंबईत दादर येथे छोट्या व्यावसायिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांनी ग्राहकांसाठी टेलिग्रामवर गट उघडलेला आहे, त्यात बॉट बसवलेला आहे आणि तो बसवताना पहिली संध्याकाळ स्वागताचा मजकूर ठरवण्यात घालवलेली आहे. फूल कोणते टाकायचे, ‘परिवार’ म्हणायचे की ‘कुटुंब’, यावर भागीदारांत मतभेदही झाले असतील. माझे म्हणणे असे आहे की स्वागत सर्वांत शेवटी लिहावे. बॉटला जमेनासे झाले की प्रकरण माणसाकडे कसे जाणार, हे आधी ठरवावे आणि त्या वाटेवर जे खरोखर घडणार आहे तेवढेच स्वागतात लिहावे. ही वाट कशी बांधायची ते सांगण्यासाठी मी आलो आहे. पण त्याआधी एक तक्रार ऐकवतो, कारण विषयातले सगळे खड्डे त्या एका प्रसंगात आहेत.

माझी मोठी बहीण लोअर परळला राहते. जुलैतल्या एका रात्री तिच्या स्वयंपाकघरातल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून गळती सुरू झाली, पाणी भिंतीवरच्या प्लगपर्यंत पोहोचले आणि नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येऊ लागल्या. ताईने यंत्राच्या कंपनीच्या ग्राहकगटात लिहिले: `nalala current lagtoy, konitari bagha`. बॉटचे उत्तर तत्काळ आले: “नमस्कार! आमच्या परिवारात आपले हार्दिक स्वागत आहे. फिल्टर बदलण्यासाठी 1 दाबा.” तिने लिहिले, माणसाशी बोलायचे आहे. बॉट म्हणाला, क्षमा करा, मला समजले नाही. तिने तेच पुन्हा लिहिले आणि बॉटने तीच क्षमा पुन्हा मागितली. (हशा) आपण हसता आहात, पण आपल्यापैकी किती जणांच्या बॉटला रोमन लिपीतले मराठी कळते, हे मी विचारणार नाही.

गटातल्या मुलुंडच्या एका गृहस्थांनी मात्र योग्य ते लिहिले: नळाला आणि ओल्या प्लगला हात लावू नका, घराचा मेन स्विच बंद करा. दुर्दैवाने त्याच दिवशी कंपनीने नव्या ग्राहकांना गटाची लिंक पाठवलेली होती. माणसे भराभर येत होती, बॉट प्रत्येकाचे नाव घेऊन स्वतंत्र स्वागत करत होता आणि त्या गृहस्थांचा निरोप पडद्यावरून वर सरकत दिसेनासा झाला. थोड्याच वेळात ताईला एक खाजगी निरोप आला. खात्यावर कंपनीचे बोधचिन्ह होते आणि मजकूर असा होता की मी सेवा विभागातून बोलतो आहे, तक्रार नोंदवण्यासाठी या लिंकवर 10 रुपये भरा. गटावर पाळत ठेवून तक्रार करणाऱ्याला हेरणारा तो भामटा होता. भाच्याने तिचा हात धरला म्हणून पैसे गेले नाहीत. गेले असते तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तासभर बसावे लागले असते. मेन स्विचही त्यानेच बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉटच्या खाजगी खिडकीत कंपनीचा खरा माणूस आला आणि “बोला” एवढेच म्हणाला. ताईने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मध्ये बराच वेळ उत्तर आले नाही म्हणून तिने वैतागून `/start` दाबले आणि बॉटने तिचे परिवारात पुन्हा हार्दिक स्वागत केले. (मोठा हशा)

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते याच विषयातले आहे. उत्तर न सुचलेल्या यंत्राने काय बोलावे, हा प्रश्न निदान 1966 इतका जुना आहे. त्या वर्षी एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाच्या संवाद करणाऱ्या प्रोग्रामविषयी लेख प्रसिद्ध केला. ओळखीचा शब्द सापडला नाही की एलायझा “पुढे बोला” अशा धर्तीचे पोकळ वाक्य टाकत असे किंवा माणसाने आधी सांगितलेली एखादी गोष्ट उकरून काढत असे. तिचा प्रसिद्ध अवतार मानसोपचारतज्ज्ञाचा होता आणि मानसोपचारात “पुढे बोला” हे उत्तर खपून जाते. नळाला करंट येत असताना ते खपत नाही. तरीही तिला निदान आधीचे बोलणे आठवत होते. ताईच्या यंत्राच्या कंपनीच्या बॉटला तेही आठवत नव्हते.

आता या प्रसंगाकडे कारागिराच्या नजरेने पाहू. पहिली गोष्ट स्वागतांच्या गर्दीची. एका गटात एका बॉटने मिनिटाला 20 पेक्षा अधिक निरोप पाठवू नयेत, अशी टेलिग्रामची मर्यादा आहे. ती ओलांडली की `429` ही चूक परत येते, सोबत `retry_after` मध्ये किती सेकंद थांबायचे ते येते आणि तोवर बॉटची खरी उत्तरेही स्वागतांच्या मागे अडकून पडतात. म्हणून येणाऱ्यांची नावे काही मिनिटे जमवून सर्वांचे मिळून एकच स्वागत करावे आणि नवे टाकताना जुने पुसावे. कायमचा मजकूर गटाच्या माथ्यावर पिन करावा. सदस्य आल्याची बातमी खात्रीने हवी असेल तर `chat_member` ही सूचना मागून घ्यावी लागते आणि त्यासाठी बॉटला गटाचा अॅडमिन करावे लागते.

अॅडमिन केल्याचा एक परिणाम पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मूळ सेटिंग तसेच ठेवले तर साधा सदस्य असलेल्या बॉटला गटातले सर्वसाधारण बोलणे दिसत नाही. आज्ञा आणि त्याला उद्देशून दिलेली उत्तरे तेवढी दिसतात. अॅडमिन झालेल्या बॉटला सगळे दिसते, आणि दिसते म्हणून तो प्रत्येक वाक्याला तोंड घालू लागतो. ग्राहकांच्या गटात खरी मदत पुष्कळदा दुसरा ग्राहकच करतो, जशी मुलुंडच्या त्या गृहस्थांनी केली. साध्या प्रश्नावर बॉटने दहा मिनिटे गप्प बसावे आणि तोवर कोणीच उत्तर दिले नाही तर पुढे यावे. दहा मिनिटे हा माझा अंदाज आहे; आपल्या गटात उत्तर यायला साधारण किती वेळ लागतो ते पाहून आपला आकडा ठरवा. धोक्याच्या शब्दांना मात्र ही सवलत नाही. करंट, शॉक, धूर, जळका वास हे शब्द देवनागरीत, रोमनमध्ये, हिंदीत आणि गुजरातीत, लोक जसे खरोखर लिहितात तसे, गटातल्या जुन्या निरोपांतून वेचून यादीत घालावेत. ते दिसताच बॉटने आधी मेन स्विच बंद करायला सांगावे आणि त्याच क्षणी ड्यूटीवरच्या माणसाचा फोन वाजवावा. शब्दयादी चुकून कधी विनाकारणही वाजेल; ते मी चालवून घेतो.

दुसरी गोष्ट भामट्याची. टेलिग्रामवर बॉट कोणालाही आपण होऊन पहिला खाजगी निरोप पाठवू शकत नाही; ग्राहकाने आधी बॉट उघडून सुरू करावा लागतो. पुष्कळांना ही अडचण वाटते, पण आपल्या उपयोगाचे कुंपण तेच आहे. आपला माणूसही ग्राहकाला स्वतःच्या खात्यावरून कधीच लिहिणार नाही, असा नियम केला तर स्वागतात छातीठोकपणे लिहिता येते की आधी आलेला कोणताही खाजगी निरोप आमचा नाही. मग ग्राहकाला गटातून खाजगी खिडकीत आणायचे कसे? तक्रारीखाली बॉटने एक बटण द्यावे आणि त्यामागे असा पत्ता असावा:

```
https://t.me/<bot>?start=madat_4127
```

येथे 4127 हा गटातल्या मूळ निरोपाचा क्रमांक आहे. `start=` नंतरचा मजकूर 64 अक्षरांपर्यंत चालतो, तेव्हा एवढे पुरते. बटण दाबताच बॉटला मूळ वाक्य सापडते आणि ताईला ते पुन्हा लिहावे लागत नाही. मात्र गटातले बटण कोणीही दाबू शकतो. म्हणून दाबणारा आणि मूळ निरोप लिहिणारा एकच आहे, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये. मोबाइल क्रमांक आणि पत्ता खाजगी खिडकीतच विचारावा, गटात कधीही विचारू नये.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत, आणि ज्यासाठी बोलावले होते ते तर आता सुरू होते आहे. (हशा) भराभर सांगतो.

कर्मचाऱ्यांचा वेगळा गट करावा, त्यात टॉपिकची, म्हणजे एकाच गटात विषयवार वेगळे कप्पे करण्याची, सोय चालू करावी आणि प्रत्येक तक्रारदारासाठी बॉटने एक टॉपिक उघडावा. टॉपिकच्या पहिल्या निरोपात ग्राहकाचे नाव, त्याचे मूळ शब्द, फोटो, बॉटने आतापर्यंत काय विचारले, काय सांगितले आणि ग्राहक किती वेळ थांबला आहे, एवढे असावे. खाली “मी घेतो” हे एकच बटण असावे आणि ते पहिल्याने दाबले की इतरांसाठी बंद व्हावे, नाहीतर दोघे जण दोन वेगवेगळी उत्तरे देतात. कर्मचारी टॉपिकमध्ये लिहील ते बॉट ग्राहकाच्या खिडकीत पोहोचवील आणि सुरुवातीला सांगेल की आता अमुक माणूस बोलतो आहे.

संवादाच्या तीन अवस्था जपून ठेवाव्यात: `bot`, `waiting`, `human`. ग्राहकाने माणूस मागितला, किंवा एकदा उलट प्रश्न विचारूनही बॉटला कळले नाही, की अवस्था `waiting` होते. तीच क्षमा दुसऱ्यांदा मागायची नाही. `human` अवस्थेत बॉट पूर्ण गप्प. त्या अवस्थेत `/start` आले तर स्वागत नाही. “आपले प्रकरण अमुक यांच्याकडे आहे” एवढेच उत्तर. पुन्हा `bot` अवस्था कर्मचाऱ्याने “बंद” दाबल्यावरच यावी. ठरावीक वेळ उलटली म्हणून आपोआप येऊ नये.

मग स्वागत आपोआप तयार होते: “नमस्कार. मी बॉट आहे. फिल्टर, बिल आणि तंत्रज्ञाची वेळ यांबद्दल सांगू शकतो. माणसाशी बोलण्यासाठी ‘माणूस’ लिहा; सकाळी 9:30 ते संध्याकाळी 7 या वेळेत आमचे कर्मचारी याच बॉटच्या खिडकीत उत्तर देतात. रात्रीची साधी तक्रार सकाळी सर्वांत आधी पाहिली जाते. आम्ही आधी खाजगी निरोप पाठवत नाही आणि ओटीपी मागत नाही. करंट किंवा धूर असेल तर आधी मेन स्विच बंद करा.” यात ‘लवकरच’ हा शब्द नाही, कारण तो कोणत्या घड्याळाने मोजायचा ते कोणालाच ठाऊक नसते.

हे चालते आहे का, ते ओळखताना बॉटने किती संवाद ‘मिटवले’ तो आकडा पाहू नका. कंटाळून निघून गेलेला ग्राहकही त्यात मिटवलेला म्हणून मोजला जातो. त्याऐवजी 24 तासांत तीच तक्रार घेऊन परत आलेले ग्राहक आणि ज्यांचा शेवटचा निरोप अनुत्तरित राहिला ते संवाद, हे दोन आकडे दर आठवड्याला काढा.

व्हॉट्सअॅप वापरणाऱ्यांसाठी एकच वाक्य, कारण दुसरी चिठ्ठी आली आहे: तेथे स्वयंचलित उत्तरे देणाऱ्या व्यावसायिकाने माणसापर्यंतची वाट ठेवलीच पाहिजे असा नियम आहे, आणि ग्राहकाच्या शेवटच्या निरोपानंतर 24 तास उलटले की आधी मंजूर करून घेतलेल्या टेम्प्लेटशिवाय काही पाठवता येत नाही, तेव्हा शनिवारी संध्याकाळी आलेल्या तक्रारीला सोमवारी सकाळी मोकळेपणाने उत्तर देता येणार नाही, म्हणून रविवारची ड्यूटी कोणाची, हे बॉट सुरू करण्याआधी ठरवून टाका.