हद्दीचा नकाशा आणि लोकसंख्या: नगरपंचायतीला पत्र कसे लिहावे

परदेशात काम करणारा आपला एखादा अभियंता गावासाठी काहीतरी करायला बसतो, पाण्याच्या टाकीचे गणित मांडतो किंवा पावसाळी गटारांचा आराखडा काढतो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याला दोन गोष्टी लागतात: गावाची हद्द कुठपर्यंत आहे आणि त्या हद्दीत माणसे किती राहतात. मग तो नगरपंचायतीला पत्र लिहितो, ‘कृपया आपल्या शहराचा नकाशा व लोकसंख्या कळवावी.’ या पत्राला बहुधा उत्तर येत नाही. आले तरी त्यात एकच आकडा असतो आणि तो कुठून आला ते कळत नाही. अशा पत्रात काय मागावे आणि उत्तर आल्यावर ते कसे तपासावे, एवढ्यापुरतेच आज बोलू.

पहिली गोष्ट म्हणजे कार्यालयाकडे उत्तर मागू नका, कागद मागा. ‘लोकसंख्या किती’ असे विचारले की कोणाला तरी बसून शोधावे लागते, ठरवावे लागते आणि त्याखाली सही करावी लागते. ते काम टेबलावर पडून राहते. कपाटात असलेला कागद नावानिशी मागितला, तर फक्त त्याची प्रत काढायची असते.

तो कागद आहे. नगरपंचायतीच्या निवडणुकीपूर्वी प्रभाग रचना होते. नगरपंचायतीत 17 प्रभाग असतात. आधी प्रारूप प्रसिद्ध होते, त्यावर हरकती येतात आणि मग रचना अंतिम होते. तिच्यासोबत नकाशा असतो, प्रत्येक प्रभागाच्या चतुःसीमा शब्दांत लिहिलेल्या असतात आणि प्रभागवार लोकसंख्या दिलेली असते. म्हणजे हद्द आणि माणसे एकाच कागदावर, एकाच हिशेबाने सापडतात. दुसरा कागद नगरपंचायत स्थापन झाल्याच्या अधिसूचनेचा. त्यात कोणते क्षेत्र शहरात आले ते लिहिलेले असते. पुढे हद्दवाढ झाली असेल तर तिची अधिसूचना वेगळी निघते. शेतांच्या गटांच्या रेषा असलेला गाव नकाशा मात्र नगरपंचायतीकडे मागून उपयोग नाही, तो तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख कार्यालयात मिळतो.

आता पत्र पाहा.

> प्रति,
> मा. मुख्याधिकारी,
> ……… नगरपंचायत
>
> विषय: अंतिम प्रभाग रचना व हद्दीची अधिसूचना यांच्या प्रती मिळणेबाबत.
>
> महोदय,
> मी मूळचा ……… येथील रहिवासी असून सध्या नोकरीनिमित्त जर्मनीत आहे. शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभ्यास करण्यासाठी मला पुढील कागदांच्या प्रती हव्या आहेत.
>
> 1. सध्या लागू असलेली अंतिम प्रभाग रचना, नकाशा व प्रभागवार लोकसंख्येसह.
> 2. नगरपंचायत स्थापनेची अधिसूचना, तसेच नंतर हद्दवाढ झाली असल्यास तिची अधिसूचना.
> 3. नकाशाची संगणकीय फाइल, केएमएल किंवा शेपफाइल, उपलब्ध असल्यास तिची प्रत. नसल्यास मूळ नकाशाचे सपाट स्कॅन.
>
> प्रतींचे शुल्क माझे बंधू कार्यालयात भरतील. त्यांच्या नावे प्राधिकारपत्र सोबत जोडले आहे.
>
> आपला विश्वासू,

पत्र एका पानात संपते. त्यात आपल्या प्रकल्पाची थोरवी नाही, आणि ती नसलेलीच बरी. फक्त ईमेल करून थांबू नका. घरच्या माणसाने छापील प्रत आवक विभागात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. पुढची सगळी विचारणा त्या क्रमांकावर होते. ‘सपाट स्कॅन’ हे शब्द गाळू नका. भिंतीवर टांगलेल्या नकाशाचा मोबाइलने तिरका फोटो काढला तर एका कोपऱ्याचे प्रमाण दुसऱ्या कोपऱ्याशी जुळत नाही आणि त्यावरून हद्द नीट उतरवता येत नाही.

आता उत्तराकडे येऊ. समजा, उदाहरणादाखल, 17 प्रभागांची बेरीज 14,100 आली. तुम्ही 2011च्या जनगणनेत त्याच नावाचे गाव शोधले, तर तिथे 12,600. नगरपंचायत नंतर झाली असेल तर जनगणनेत ते गाव म्हणूनच नोंदलेले असते. मग हे 1,500 लोक वाढले असे समजायचे का? नाही. प्रभाग रचनेचा पाया 2011चीच जनगणना आहे, त्यामुळे मधल्या वर्षांतली वाढ या बेरजेत येतच नाही. फरक हद्दीचा असला पाहिजे. अधिसूचना उघडा. शेजारचे एखादे महसुली गाव किंवा वाडी शहरात घेतलेली दिसेल. तिची 2011ची लोकसंख्या 1,500च्या आसपास निघाली तर हिशेब जुळला. नाही निघाली तर पुन्हा पत्र लिहून नेमका हाच फरक विचारा.

हे न पाहता नव्या हद्दीच्या नकाशावर जुना आकडा ठेवला तर काय होते? दरडोई दररोज 135 लिटर धरले, तर 12,600 लोकांना 17 लाख 1 हजार लिटर लागतात आणि 14,100 लोकांना 19 लाख 3 हजार 500. दिवसाला दोन लाख लिटरची तूट कागदावरच तयार होते, आणि ती सोसावी लागते नव्याने जोडलेल्या वाडीला, कारण तिची माणसे मोजलीच गेलेली नसतात.

आकडा बरोबर असूनही तो काय मोजतो हे पाहावे लागते. 2011च्या गणनेची फेरी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली. त्या संपूर्ण काळात जो घरापासून दूर होता, तो जिथे सापडला तिथे मोजला गेला. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. बीडसारख्या जिल्ह्यातली जी कुटुंबे तेव्हा कारखान्यांच्या भागात होती, ती गावाच्या आकड्यात नाहीत. पण एप्रिल-मेमध्ये, पाणी सर्वांत कमी असते तेव्हा, तीच माणसे गावी परतलेली असतात. तोडणीला जाणाऱ्यांचे गाव असेल तर टाकीचे गणित या आकड्यावर थांबवू नये. किती कुटुंबे बाहेर जातात हे वस्तीवस्तीतून वेगळे विचारावे. मतदारयादीनेही ही उणीव भरून निघत नाही, कारण तिच्यात 18 वर्षांखालची मुले नसतात.

फाइल मिळाली तर ती आधी उपग्रहचित्रावर टाकून बघा. यूटीएम ही जागा मीटरमध्ये मोजणारी पद्धत पृथ्वीचे उभे पट्टे पाडते. महाराष्ट्राचा बराचसा भाग तिच्या 43व्या पट्ट्यात येतो, पण 78 अंश रेखांशाच्या पूर्वेला, नागपूर-चंद्रपूरकडे, 44वा पट्टा लागतो. पट्टा चुकला तर गाव शेकडो किलोमीटर सरकते आणि चूक लगेच दिसते. शेपफाइलसोबत पट्टा सांगणारी .prj फाइल नसली तर ही चूक सहज होते. त्यानंतर हद्दीचे क्षेत्रफळ काढा आणि अधिसूचनेतल्या हेक्टरशी ताडून पाहा.

महिना झाला तरी उत्तर नसेल तर माहितीचा अधिकार आहे. तो भारतीय नागरिकाचा आहे. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी अर्ज करू शकतो. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याऐवजी गावातल्या भावाने स्वतःच्या नावाने करावा. महाराष्ट्रात अर्जाला 10 रुपये लागतात. कोर्ट फी स्टॅम्प परदेशात मिळत नाही, म्हणून सही केलेला अर्ज घरी पाठवावा आणि तिकीट तिथे लावावे. अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर ठेवावा. कागद दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज तिकडे वर्ग व्हायला हवा, आणि माहितीची मुदत तीस दिवसांची. नसलेली माहिती तयार करून द्यायला या कायद्याने कार्यालय बांधलेले नाही. म्हणून वरच्या पत्रातली तीन कागदांची नावे आहेत तशीच अर्जात उतरवावीत.