निकाल देणारी घटनादुरुस्ती

मंडळी, मूलभूत चौकटीवर बोलायचं म्हटलं की आपण केशवानंद भारती खटल्यापाशी सुरू करतो आणि तिथेच थांबतो. २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. संसद कलम ३६८ खाली घटनेतलं कुठलंही कलम बदलू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. तत्त्व झालं. ते अंगावर आल्यावर टिकतं का, हे कळायला मात्र अडीच वर्षं लागली. मला आज त्या अडीच वर्षांनंतरच्या खटल्याबद्दल बोलायचंय.

१२ जून १९७५. अलाहाबाद उच्च न्यायालयाने पराभूत उमेदवार राजनारायण यांच्या याचिकेवर इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द केली. दोन ठपके होते. यशपाल कपूर हे सरकारी अधिकारी असताना त्यांची मदत घेतली, हा एक. सभांचे मंच आणि ध्वनिक्षेपकांची सोय सरकारी अधिकाऱ्यांकडून करून घेतली, हा दुसरा. सर्वोच्च न्यायालयात अपील गेलं, २४ जूनला सशर्त स्थगिती मिळाली, दुसऱ्या दिवशी रात्री आणीबाणी आली. अपिलाची सुनावणी लागली ११ ऑगस्टला.

आता तारखा बघा. ७ ऑगस्टला लोकसभेत एकोणचाळिसाव्या घटनादुरुस्तीचं विधेयक आलं आणि त्याच दिवशी मंजूर झालं. ८ तारखेला राज्यसभा. १० तारखेला, रविवारी, राष्ट्रपतींची सही. सोमवारी सुनावणी. आमच्या कोर्टात साधी तारीख बदलून घ्यायला याहून जास्त वेळ जातो!

या दुरुस्तीने घटनेत कलम ३२९-अ घातलं. त्याच्या चौथ्या खंडात काय होतं, ते आपल्या भाषेत सांगतो. समजा, तुमच्या सोसायटीच्या चेअरमनची निवड निबंधकाने रद्द केली. तुम्ही सर्वसाधारण सभा बोलावून उपविधी बदललेत, तर तो नियम झाला. आवडो न आवडो, तो सगळ्यांना लागू. पण सभेने असा ठराव केला की ‘आमच्या चेअरमनच्या निवडीला निवडणुकीचे नियम लागूच नव्हते, निबंधकाचा आदेश रद्द, निवड वैध’, तर? हा नियम नाही, निकाल आहे. चौथ्या खंडाने नेमकं हेच केलं. पंतप्रधानांच्या, या दुरुस्तीपूर्वी झालेल्या निवडणुकीला निवडणूक-याचिकांचा कायदा लागू नाही, ती वैधच आहे, आणि ती रद्द करणारा आदेशच रद्द. पाचव्या खंडाने तर सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की प्रलंबित अपील याप्रमाणेच निकाली काढा.

पीठावर पाच जण होते: सरन्यायाधीश रे, खन्ना, मॅथ्यू, बेग आणि आपल्या मुंबईच्या उच्च न्यायालयातून गेलेले यशवंतराव चंद्रचूड. यांतले एकटे खन्ना १९७३ च्या बहुमतातले. बाकीचे चौघे त्या वेळी विरुद्ध बाजूला होते. तरीही ७ नोव्हेंबर १९७५ ला चौथा खंड घटनाबाह्य ठरला. बेग यांनी वेगळा अर्थ लावला, उरलेल्या चौघांनी खंड पाडला. जे तत्त्व तिघांना स्वतःला पटलं नव्हतं, तेच पूर्वनिर्णय म्हणून त्यांनी मानलं आणि वापरलं. माझ्या मते मूलभूत चौकट खऱ्या अर्थाने रुजली ती या दिवशी.

कारणं मात्र प्रत्येकाची वेगळी होती. खन्नांनी मुक्त आणि न्याय्य निवडणुकीवर बोट ठेवलं. चंद्रचूडांना त्यात समानतेचा आणि कायद्याच्या राज्याचा भंग दिसला. मॅथ्यूंचा मुद्दा मला सर्वांत पक्का वाटतो: निवडणुकीचा वाद सोडवायचा म्हणजे पुरावा बघून वस्तुस्थिती ठरवायची, ती कुठल्या तरी नियमाला लावायची. इथे नियमच काढून टाकला आणि निष्कर्ष तेवढा ठेवला.

आता गंमत ऐका. खंड पडला, पण निवडणूक टिकली. कारण संसदेने ऑगस्टमध्येच निवडणुकीचा साधा कायदाही पूर्वलक्षी प्रभावाने बदलून ठेवला होता. अधिकाऱ्याचा राजीनामा राजपत्रात दिलेल्या तारखेपासून लागू धरायचा. कर्तव्य म्हणून सरकारी अधिकाऱ्याने केलेली व्यवस्था ही उमेदवाराला केलेली मदत नव्हे. आणि अर्ज भरल्यापासूनच माणूस उमेदवार, म्हणजे त्याआधीची मदत मोजायचीच नाही. दोन्ही ठपके गळून पडले. हे बदल मूलभूत चौकटीवर तपासा, असा युक्तिवाद झाला, पण बहुमताने तो मानला नाही: ही कसोटी घटनादुरुस्तीची, साध्या कायद्याची नव्हे. म्हणजे जो हेतू घटना बदलून साधता आला नाही, तो साध्या बहुमताच्या कायद्याने साधला! सोसायटीच्या भाषेत, ठराव रद्द झाला आणि मागल्या तारखेचा उपविधी पास झाला.

हा निकाल शुक्रवारी आला. सोमवारी, १० नोव्हेंबरला, याच रे यांनी केशवानंदचा फेरविचार करायला तेरा न्यायमूर्तींचं पीठ बसवलं. समोर उभे राहिले मुंबईचे नानी पालखीवाला. आणीबाणी जाहीर झाल्यावर इंदिरा गांधींचं वकीलपत्र त्यांनी परत केलं होतं. १२ तारखेला, सुनावणी अर्धवट असताना, रे यांनी ते पीठच बरखास्त केलं.