बडीशेपेचं पाणी कोणाला, किती आणि कधी

(सोलापुरात वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आज समोर आज्या जास्त आहेत, हे बरं झालं. बाळाला बडीशेपेचं पाणी पाजायचं की नाही, हे आपल्याकडे आई ठरवत नाही, आजी ठरवते. तेव्हा बोलणं थेट तुमच्याशीच.

समजा, विजापूर वेशीजवळच्या एका घरात दीड महिन्याचं बाळ आहे. वजन 4 किलो, फक्त अंगावर पितं. दिवसभर शहाण्यासारखं झोपतं आणि संध्याकाळी सात वाजले की सुरू होतं. तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी. काही केल्या दहापर्यंत थांबत नाही. शेजारीण म्हणते, "पोट दुखतंय हो, बडीशेप उकळून चमच्याने पाजा."

या रडण्याला डॉक्टर कॉलिक म्हणतात. ओळखण्याची जुनी खूण सोपी आहे: धडधाकट बाळ दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून किमान तीन दिवस, असं तीन आठवडे रडतं. हे रडणं साधारण सहाव्या आठवड्यात टोकाला जातं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. त्याचं नेमकं एकच कारण सापडलेलं नाही. पोटात वारा धरतो हे खरं, पण पुष्कळदा बाळ रडता रडता हवा गिळतं म्हणून तो धरतो. आता गंमत बघा. सातव्या आठवड्यात तुम्ही जे काही पाजाल, त्यानंतर बाळ हळूहळू शांत होणारच आहे. मग श्रेय बडीशेपेला, नाहीतर दृष्ट काढणाऱ्या मावशीला!

म्हणजे बडीशेपेत काहीच नाही, असं मी म्हणत नाही. तिच्यातल्या तेलाने आतड्याचा पिळा सैल होतो. 1993 साली इस्राएलमध्ये लहान बाळांवर एक चाचणी झाली. कॅमोमाईल म्हणजे बाबूना, बडीशेप आणि आणखी काही वनस्पतींचा चहा एका गटाला दिला, दुसऱ्याला तशाच चवीचं नुसतं गोड पाणी. चहावाल्या बाळांपैकी 57 टक्क्यांचं कॉलिक थांबलं, गोड पाणीवाल्यांपैकी 26 टक्क्यांचं. आकडा चांगला आहे. पण लोक इथेच थांबतात आणि मात्रा वाचत नाहीत. एका वेळी 150 मिलीपर्यंत, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. म्हणजे 450 मिली झाले. आपल्या 4 किलोच्या बाळाला दिवसभरात दूध लागतं साधारण 600 मिली. पोट तेवढंच, त्यात चहा गेला की दूध बाहेर राहिलं. बाळ शांत दिसेल, पण काट्यावर वजन वाढणार नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे एवढं पाजतो, दोन चमचे तर देतो. खरंय. पण दोन चमच्यांनी रडणं थांबलं नाही की चार होतात, आणि एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात "घसा कोरडा पडला असेल" म्हणून वाटी होते. इतक्या लहान बाळाच्या मूत्रपिंडाला जास्तीचं पाणी झटपट बाहेर टाकता येत नाही. रक्तातलं मीठ पातळ होतं, बाळ सुस्त पडतं, झटकेही येऊ शकतात. म्हणून सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध आणि तेवढंच, उन्हाळ्यातसुद्धा. त्या दुधात पाणी पुरेसं असतं.

मग त्या बाळाचं करायचं काय? पाजल्यावर खांद्यावर उभं धरून ढेकर काढा. हातावर पालथं घेऊन पाठ थोपटा, अंगाला बांधून फिरा. संध्याकाळी दिवे आणि पाहुणे दोन्ही कमी करा. दिवसात सहा-सात लंगोट ओले होतात का आणि वजन वाढतंय का, एवढं पाहा. दोन्ही ठीक असेल तर वाट पाहणं हाच उपाय, आणि आईला तासभर झोपू देणं हे आजीचं काम. मात्र हिरवी उलटी, शीमधून रक्त, ताप, फुगून टणक झालेलं पोट, दूध ओढेनासं होणं किंवा थांबून थांबून किंचाळी येणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी ते कॉलिक नव्हे. त्याच रात्री दवाखान्यात जा.

बाळंतिणीने जेवणानंतर चिमूटभर बाळंतशेपा चघळायला हरकत नाही. दूध वाढावं म्हणून तांब्याने काढा पिऊ नये. बडीशेप, ज्येष्ठमध वगैरेंचा चहा रोज दोन लिटरहून जास्त पिणाऱ्या आयांची अंगावरची बाळं सुस्त पडल्याची नोंद आहे.

वरच्या वयात एक उलटी गोष्ट दिसते. आपण ज्या बडीशेपेला सगळ्यात निरुपद्रवी समजतो, तिचा चहा चार वर्षांखालच्या मुलांना नको, असं युरोपची औषध नियामक संस्था म्हणते. कारण तिच्यात एस्ट्रागोल नावाचा घटक थोडासा असतो. मोठ्या मात्रेत त्याने उंदरांच्या यकृतात गाठी झाल्या होत्या. जेवणानंतरच्या मुखवासाने तुम्ही घाबरायचं कारण नाही. ही सावधगिरी लहान अंगासाठी आणि रोजच्या काढ्यासाठी आहे. कॅमोमाईलला, म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानातल्या बाबून्याला, सहा महिन्यांखाली मनाई आहे. पुढेही वर्षाच्या आत सुटी फुलं मी टाळेन. अशा सुट्या मालात बोट्युलिझमच्या, म्हणजे बाळाचं अंग लुळं पाडणाऱ्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू सापडले आहेत. मधालाही त्याच भीतीने वर्षापर्यंत बंदी असते. शिवाय बाबूना, शेवंती आणि गाजर गवत एकाच कुळातले. घरात कुणाला गाजर गवताने खाज किंवा दमा होत असेल तर बाबूना नको. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असलेल्यांनीही विचारूनच घ्यावा. जिऱ्याची तान्ह्या बाळांवर भरवशाची चाचणी माझ्या पाहण्यात नाही. सहा महिन्यांनंतर वरणाच्या फोडणीतलं जिरं पुरे.

आणि कृपा करून बाळाच्या काढ्यात चक्रीफूल टाकू नका. त्याच्यासारखंच दिसणारं जपानी फळ विषारी असतं आणि त्याची भेसळ झाल्यावर बाळांना झटके आलेले आहेत. नुसत्या नजरेने दुकानदारालाही ते ओळखता येत नाही.

मोठ्यांना मात्र हे चहा खुशाल द्या. लग्नाच्या पंगतीनंतर पोट तट्ट झालंय, तर सपाट चमचाभर बडीशेप किंवा अर्धा चमचा जिरं खलबत्त्यात जाडसर कुटा. पाणी उकळून गॅस बंद करा, एका कपात कूट घाला, वर झाकण ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. आपण उघड्या पातेल्यात खळाखळा उकळतो आणि घरभर वास सुटला की खूश होतो. तो वास म्हणजेच औषध, ते हवेत गेलं. झाकणाखालचे थेंब परत कपात पाडायचे. असा कप दिवसातून दोन-तीनदा, तीन-चार दिवस. आठवडाभरात फरक पडला नाही तर चहा सोडा आणि तपासून घ्या.

साठीच्या आजोबांना पहिल्यांदाच "गॅस" झाला असेल, छातीवर दडपण असेल, घाम फुटत असेल, डावा हात किंवा जबडा भरून आला असेल, तर जिऱ्याचं पाणी करत बसू नका. आधी रिक्षा बोलवा आणि ईसीजी काढा. काळी शी किंवा विनाकारण घटणारं वजन यांनाही हा काढा लागू नाही.