‘हाय सर’ पाठवून गप्प बसू नका

(रत्नागिरीत मत्स्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मी मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो आणि माणसं निवडायची असली की त्या टेबलावरही बसतो. त्यामुळे अनोळखी मुलामुलींचे निरोप मला सतत येतात. त्यातला सगळ्यात जास्त येणारा प्रकार आधी सांगतो. व्हॉट्सअॅपवर ‘हाय सर’ एवढंच येतं. पुढे काहीच नाही. मी ‘बोला’ म्हणेपर्यंत मुलगा थांबून राहतो. त्याला वाटतं, एकदम काम सांगणं बरं दिसत नाही. माझ्या बाजूने बघा: कोण आहे माहीत नाही, काय हवंय माहीत नाही, आणि आता विचारायचं काम माझ्यावर आलं. मी ते करत नाही. रात्री पुन्हा ‘हाय सर’ येतं.

आपल्याकडे अनोळखी माणूस आला तर ओटीवर थांबतो, कुठला, कुणाचा ते सांगतो आणि कशाला आलो तेही तिथेच बोलतो. निरोपाने एवढंच करायचं आहे.

आता एक पूर्ण मेल वाचून दाखवतो. असे मेल इंग्रजीतच येतात, मी मराठी करून सांगतोय. “आदरणीय सर, मी मत्स्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी मेहनती असून मला शिकण्याची आवड आहे. आपल्या नामांकित कंपनीत कोणतीही संधी मिळाल्यास मी आपला आयुष्यभर ऋणी राहीन. बायोडेटा जोडला आहे. लवकरात लवकर कळवावे.”

यात उर्मट असं काही नाही, उलट नको तितकी नम्रता आहे. तरी वाचताना कुणीतरी बाही धरून ओढतंय असं वाटतं. का ते सांगतो. ‘कोणतीही संधी’ म्हणजे मी बायोडेटा उघडायचा, याला काय येतं ते शोधायचं, आमच्याकडे कुठे बसेल ते ठरवायचं. त्याचं काम त्याने माझ्याकडे सरकवलं. ‘लवकरात लवकर’ म्हणजे मुदतही त्यानेच घातली. आणि ‘आयुष्यभर ऋणी’ हे तर मला सगळ्यात खटकतं. ज्याला मी ओळखत नाही त्याला नाही म्हटलं तर मी निष्ठुर ठरतो, अशी ती रचना आहे. गयावया हासुद्धा दबावच असतो.

मागच्या वर्षी एका मुलीचा मेल आला. विषयाच्या जागी होतं: ‘बांगड्याचं तापमान, मिरकरवाडा: एक प्रश्न’. आत हे होतं:

“नमस्कार सर. मी रत्नागिरीत मत्स्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. हिस्टामाइनच्या तपासणीबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचलं. प्रकल्पासाठी मी मिरकरवाडा बंदरात १२ दिवस लिलावाच्या वेळी बांगड्याचं तापमान घेतलं. वरच्या थराला बर्फ असतो, पण क्रेटच्या तळाचा मासा बऱ्याचदा गरम सापडला. माझा प्रश्न असा: माल घेताना तुम्ही तापमान बघूनच लॉट नाकारता, की नमुन्याचा अहवाल येईपर्यंत बाजूला ठेवता? दोन ओळींत सांगितलंत तरी पुरे. सवड नसेल तर हरकत नाही.” खाली नाव, वर्ष, फोन.

यातलं काय काय मला पटलं ते बघू. तुम्हाला माहीतच आहे, बांगडा गरम राहिला की जिवाणू त्यातल्या हिस्टिडिनचं खाणाऱ्याला बाधणारं हिस्टामाइन करतात, आणि एकदा झालं की मासा शिजवून ते जात नाही. म्हणजे तिचा प्रश्न खरा होता आणि माझ्या रोजच्या कामातला होता. ‘मला शिकण्याची आवड आहे’ हे तिने कुठेही लिहिलं नाही. पहाटे बंदरावर जाऊन क्रेटच्या तळापर्यंत हात घातला होता, तेवढ्यावरून मला कळलं. उत्तर किती लांब हवं तेही तिनेच सांगितलं, त्यामुळे मी चहा घेता घेता लिहून टाकलं. आणि ‘सवड नसेल तर हरकत नाही’ या वाक्याने नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली. गंमत अशी की अशी वाट दिसली की माणूस सहसा थांबतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. माझं उत्तर गेल्यावर दहा मिनिटांत तिचा बायोडेटा आला: ‘सर, व्हेकन्सी आहे का?’ मग मला वाटलं, प्रश्न म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं की काय! नोकरी हवी असणं यात काहीच गैर नाही. पण माणसाला सल्ला विचारलात तर आधी त्या सल्ल्याचं काहीतरी करा, मग पुढचं मागा.

रिक्रूटरचं मात्र नेमकं उलटं आहे. त्याला आडून विचारू नका. जागा भरणं हेच त्याचं काम, ‘तुमच्या करिअरच्या प्रवासाबद्दल जाणून घ्यायचंय’ असं लिहिलंत तर त्याला कळतच नाही तुम्हाला काय हवंय. कुठल्या जागेसाठी लिहिताय, त्या जागेला लागणारं कुठलं काम तुम्ही केलंय, कधीपासून येऊ शकता, कारखान्याजवळ राहायची तयारी आहे का, एवढं चार ओळींत सरळ लिहा. बायोडेटा पीडीएफमध्ये जोडा आणि फाइलला स्वतःचं नाव द्या. ‘फायनल २’ नावाच्या फाइली माझ्याकडे ढिगाने आहेत, कुठली कुणाची ते देव जाणे.

उत्तर नाही आलं तर? आठ-दहा दिवस जाऊ द्या, मग त्याच मेलखाली एकदाच लिहा. ‘माझा मेल पाहिलात का’ असं नको, त्यात जाब विचारल्यासारखं वाटतं. मधल्या काळात काही नवं झालं असेल तर ते एका ओळीत सांगा आणि प्रश्न पुन्हा लिहा. त्यानंतरही शांतता असेल तर सोडून द्या. मेल, लिंक्डइन, व्हॉट्सअॅप अशा तिन्ही दारांवर एकाच दिवशी थाप मारू नका. कुणाकडून तरी मिळवलेल्या नंबरवर फोन तर नकोच.

आणि वेळ बघा. पावसाळी मासेमारी बंदी उठून होड्या समुद्रात गेल्या की आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते, लगेच गणपती येतात. बंदीच्या दिवसांत, जूनमध्ये, आम्ही यंत्रांची दुरुस्ती करत असतो आणि मेलही वाचतो.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. तीन आठवड्यांनी तिचा पुन्हा मेल आला. मी सांगितल्याप्रमाणे तिने क्रेटच्या वरची आणि तळाची तापमानं वेगवेगळी नोंदवली होती, तक्ता जोडला होता, आणि खाली लिहिलं होतं: मागच्या वेळी घाई केली, माफ करा, मे महिन्यात सहा आठवडे प्रयोगशाळेत काम करायला मिळेल का, नसेल तर कुणाला विचारावं? आमच्याकडे जागा नव्हती. मी तिचे दोन्ही मेल जसेच्या तसे वेरावळच्या एका मित्राकडे पाठवले. समजावून सांगायला माझ्याकडून काही लिहावंच लागलं नाही. वर फक्त टाकलं, ‘हिच्याशी बोल.’