पेटंटचा गोषवारा: अडचण, उपाय आणि फायदा

(सोलापुरात यंत्रमाग कारखानदार आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पेटंटच्या अर्जात सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत काय लिहिलं जातं, तर गोषवारा. म्हणजे आपण ज्याला सरळ ॲब्स्ट्रॅक्ट म्हणतो ते. दावे, म्हणजे नेमकं कशाला संरक्षण हवं ते सांगणारा भाग, लिहिताना डोकं शिणलेलं असतं, मग आधीच्या पानांवरची चार वाक्यं उचलून इथे चिकटवली जातात. पण अर्ज केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो, तेव्हा शोधणारा माणूस आधी हाच परिच्छेद वाचतो. तिथेच कळलं नाही, तर तो पुढे जातो.

आपल्याकडच्या पेटंट नियमांत, २००३ च्या नियमावलीतल्या १३ व्या नियमात, गोषवाऱ्याचं वर्णन आहे. सुरुवात शोधाच्या शीर्षकाने, शीर्षक शक्यतो १५ शब्दांत, एकूण मजकूर १५० शब्दांच्या आत. विषयक्षेत्र सांगायचं, आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक पाऊल कुठे पुढे पडलं ते सांगायचं, आणि मुख्य उपयोग सांगायचा. काल्पनिक उपयोग नाही. आंतरराष्ट्रीय अर्जासाठीच्या पेटंट सहकार्य कराराचा, म्हणजे पीसीटीचा, नियम ८ अधिक उघड बोलतो: तांत्रिक अडचण, तिच्या उपायाचं सार आणि मुख्य उपयोग समजला पाहिजे, आणि शोधाची स्वतःच केलेली वाखाणणी नको. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावा लागतो, पण विचार कुठल्याही भाषेत करा. मी आज मराठीतच करणार आहे.

उदाहरण आपल्या गावाचंच घेऊ, टर्की टॉवेलचं. ही यंत्रणा मी आजच्यासाठी रचलेली आहे. ती खरोखर नवी आहे का, हा वेगळा प्रश्न. हातात आलेला मसुदा असा आहे असं समजा:

“प्रस्तुत शोध वस्त्रोद्योगाशी संबंधित असून त्यात एक अत्यंत उपयुक्त व किफायतशीर यंत्रणा सादर केली आहे. सदर यंत्रणेमध्ये फ्रेम, लिव्हर, रोलर, सरकते वजन, दोरी व जोडदांडा यांचा समावेश असून सदर रोलर बीमवर टेकलेला असतो. त्यामुळे उत्पादनाचा दर्जा उंचावतो, मजुरी वाचते, विजेची बचत होते व ही यंत्रणा गालिच्यांसाठीही वापरता येईल.”

यात भाग आहेत, फायदे आहेत; अडचण मात्र कुठेच नाही. म्हणून रोलर बीमवर का टेकलाय, हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच नाही. संपादकाने इथे भाषा सुधारायला बसू नये. आधी जॉबरकडे, म्हणजे मागांची जोडणी आणि दुरुस्ती पाहणाऱ्याकडे, जावं आणि विचारावं, “आज हे काम हाताने कोण करतं आणि काय करतं?”

जॉबर सांगेल. टर्की टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे उभं सूत गुंडाळलेले रूळ, असतात. एका बीमवरच्या सुताने पाया विणला जातो, दुसऱ्यावरच्या ढिल्या सुताचे लूप पडतात. साध्या मागावर या लूपच्या बीमला दोरी आणि वजनाचा ब्रेक असतो. वजन तेच, म्हणजे ब्रेकचा जोर तोच. पण सूत संपत जातं तशी बीमची त्रिज्या कमी होते, आणि तोच जोर लहान त्रिज्येवर पडला की सुतावरचा ताण वाढतो. बीमचा व्यास ६० सेंटिमीटरवरून २० वर आला, तर हिशोबाने ताण तिप्पट होतो. ताण वाढला की लूप आखूड पडतात. म्हणून कामगार मधूनमधून वजन कमी करत राहतो. विसरला, तर एकाच लॉटमधले टॉवेल हातात घेतल्यावर वेगवेगळे लागतात.

आता अडचण हाती आली. आणि इथेच बहुतेकजण अर्ध्यावर थांबतात: “लूपची उंची असमान राहते” एवढं लिहून. हा झाला परिणाम. असमान लूप बाणा, म्हणजे आडवं सूत, ठोकण्यातल्या दोषानेही येऊ शकतात, आणि त्यावर आपला रोलर काहीच करत नाही. अडचणीच्या वाक्यात तेच कारण यायला हवं ज्याला आपला उपाय हात घालतो. बीम रिकामा होतो तसा ताण वाढतो, हे ते कारण.

मग उपाय आपोआप योग्य जागी बसतो. रोलर बीमवरच्या सुताला टेकलेला आहे, म्हणजे तो त्रिज्या मोजतो. त्रिज्या घटली की रोलर खाली येतो, जोडदांडा वजनाला लिव्हरवरून टेकूकडे ओढतो, ब्रेक सैल होतो. फ्रेम आणि दोरी या गोष्टी गोषवाऱ्यात लागतच नाहीत. त्या अशा प्रत्येक साध्या मागाला असतात.

फायदा निवडताना माझी कसोटी सरळ आहे: उपायानंतर दुसरं काहीही न करता जे घडतं, तोच मुख्य फायदा. ताण बीम भरलेला असल्यापासून रिकामा होईपर्यंत जवळपास सारखा राहतो, म्हणून लूप सारखे. वजन काढायला माणूस थांबावा लागत नाही, हे त्यालाच लागून आलं. विजेची बचत मात्र कुठून आली? या यंत्रणेत मोटरचा संबंधच नाही. “दर्जा उंचावतो” ही जाहिरात झाली. आणि गालिच्यांवर कुणी ते चालवून पाहिलेलं नाही. तिन्ही बाद.

सुधारलेला मसुदा असा होतो:

“टर्की टॉवेलच्या मागावरील लूप-बीमसाठी स्वयंनियंत्रित ब्रेक. अशा मागावर लूपच्या बीमला स्थिर वजनाचा ब्रेक असल्याने बीम रिकामा होताना सुतावरील ताण वाढतो आणि लूप आखूड पडतात. या शोधात बीमच्या (१०) पृष्ठभागावर टेकलेला रोलर (१२) जोडदांड्याने (१४) सरकत्या वजनाशी (१६) जोडलेला आहे. बीमची त्रिज्या घटते त्या प्रमाणात वजन लिव्हरच्या (१८) टेकूकडे सरकते आणि ब्रेकचा जोर कमी होतो. त्यामुळे हाताने वजन न बदलता सुतावरील ताण व लूपची उंची जवळपास सारखी राहते.”

वाक्यं चार, शीर्षक सोडून. कंसातले आकडे आकृतीतल्या भागांचे आहेत. आकृती असेल तर मुख्य भागांपुढे ते द्यावेच लागतात. “स्वयंनियंत्रित” हा शब्द मला अजून खटकतो, कारण सगळेच तो वापरतात. “त्रिज्येनुसार बदलणारा” असं म्हटलं तर शोधणाऱ्याला जास्त सापडेल.

आता “त्या प्रमाणात” हे दोन शब्द पाहा. मूळ मसुद्यात ते नव्हते, आणि स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या सविस्तर वर्णनात, “वजन योग्य प्रकारे सरकते” एवढंच लिहिलंय, असं धरा. योग्य म्हणजे काय? ताण सारखा राहायचा तर वजनाचं टेकूपासूनचं अंतर त्रिज्येच्याच प्रमाणात हवं. त्रिज्या ३० सेंटिमीटर असताना वजन टेकूपासून ३० वर असेल, तर त्रिज्या १० झाल्यावर ते १० वर यायला हवं. १५ वर थांबलं, तर ताण पुन्हा दीडपट. जोडणीची सुरुवातीची जागा चुकली की नुसतं सरकणं कामाचं नाही. गोषवारा सरळ क्रमाने लिहायला बसलं की अशी फट दिसते. पण ती गोषवाऱ्यात बुजवून चालत नाही. गोषवारा हा स्पेसिफिकेशनमधल्या मजकुराचा सारांश. तिथे नसलेलं इथे आणता येत नाही. आणि पूर्ण स्पेसिफिकेशन एकदा दाखल झालं, की त्यात नवा तांत्रिक मजकूर घुसवायला कायदा वाव देत नाही. म्हणून हे काम अर्ज दाखल होण्याच्या आधी करायचं, आणि हे अंतराचं गणित आधी स्पेसिफिकेशनमध्ये घालायचं.

काहींना भीती वाटते की इतकं स्पष्ट लिहिलं तर आपलं संरक्षण आकुंचन पावेल. पीसीटीच्या कलम ३ मध्ये स्पष्ट आहे की गोषवारा फक्त तांत्रिक माहितीसाठी असतो, संरक्षणाची व्याप्ती ठरवायला नाही. व्याप्ती दाव्यांत राखा.

राहिली आकृती. गोषवाऱ्यासोबत कोणती आकृती छापावी हे अर्जदारानेच सांगायचं असतं. बरेचजण पूर्ण मागाचं चित्र देतात, आणि त्यात लिव्हर शोधावा लागतो. बाजूने काढलेलं, बीम, रोलर, जोडदांडा आणि वजन एवढंच दाखवणारं चित्र द्या. बीमची भरलेली आणि रिकामी स्थिती, दुसरी तुटक रेषेने, त्याच चित्रात दाखवता आली तर उत्तम.