पाच जणांच्या लाइनअपचे नेट रेटिंग आणि चौदा मिनिटांचा पुरावा

नमस्कार. सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून शालेय व महाविद्यालयीन बास्केटबॉल संघांचे बरेच प्रशिक्षक आज आले आहेत. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांनी बेंचवर एक वहीवाला बसवायला सुरुवात केली आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. बदली होताना घड्याळात किती वेळ उरला आहे आणि गुणफलक काय आहे एवढे त्याने टिपले, की सामन्यानंतर कोणते पाच जण एकत्र खेळताना आपण किती गुण केले आणि किती दिले, हे काढता येते. आज मी बोलणार आहे ते या वहीतून निघणाऱ्या एका आकड्याबद्दल, म्हणजे लाइनअपच्या नेट रेटिंगबद्दल.

व्याख्या सोपी आहे. पझेशन म्हणजे चेंडू एका संघाच्या ताब्यात असण्याची एक पाळी. त्या पाच जणांनी केलेले गुण दर १०० पझेशनमागे किती पडतात ते काढायचे, दिलेले गुण तसेच काढायचे आणि पहिल्यातून दुसरा आकडा वजा करायचा. पझेशन मोजायला कोणी नसेल तर संघाने घेतलेले शॉट, त्यात फ्री थ्रोच्या संख्येचा ०.४४ पट आणि टर्नओव्हर मिळवून आक्रमणातले रिबाउंड वजा केले, की पुरेसा चांगला अंदाज मिळतो. मिनिटांऐवजी पझेशन घेण्याचे कारण एवढेच, की वेगाने खेळणारा संघ आणि संथ खेळणारा संघ यांची तुलना त्यामुळे रास्त होते.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, महाविद्यालयीन स्पर्धेच्या तीन सामन्यांत मिळून तुमची एक लाइनअप १४ मिनिटे खेळली. चाळीस मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक संघाला ७५च्या आसपास पझेशन मिळतात असे धरले, तर या १४ मिनिटांत दोन्ही बाजूंना सुमारे २६ पझेशन आली. तुमच्या पाच जणांनी ३१ गुण केले आणि १९ दिले. दर १०० पझेशनमागे ११९ विरुद्ध ७३, म्हणजे नेट रेटिंग अधिक ४६. हा आकडा पाहून कोणाही प्रशिक्षकाला वाटेल की उपांत्य सामन्याची सुरुवात याच पाच जणांनी करावी. तुलनेसाठी सांगतो, १९९५-९६च्या हंगामात ८२पैकी ७२ सामने जिंकणाऱ्या, अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या शिकागो बुल्सचा सामन्यामागे सरासरी फरक सुमारे १२ गुणांचा होता. ४६ हा आकडा कोणत्याही संघाच्या खऱ्या क्षमतेचा असू शकत नाही, आणि पहिली शंका इथेच यायला हवी.

हे ३१ आणि १९ आले कुठून ते वहीत शोधू या. तुमच्या मुलांनी तीन गुणांचे ९ शॉट मारले आणि त्यांतले ५ गेले. प्रतिस्पर्ध्यांनी ८ मारले आणि १ गेला. आता बाकी सगळा खेळ जसाच्या तसा ठेवा, फक्त तुमचे ५ऐवजी ३ आणि त्यांचा १ऐवजी ३ शॉट गेले असे धरा. तुमचे गुण होतात २५ आणि त्यांचेही २५. चार शॉट रिंगच्या कडेवरून आत किंवा बाहेर गेले एवढ्यावर अधिक ४६चे शून्य झाले. बचाव, पास, कोर्टवरची हालचाल यांत काहीही बदललेले नाही. विशेषतः प्रतिस्पर्ध्याने लांबून मारलेला शॉट आत जातो की नाही, यावर बचाव करणाऱ्यांचे नियंत्रण फार थोडे असते. तो शॉट किती मोकळा मिळाला आणि कोणाला मिळाला, एवढेच त्यांच्या हातात असते.

या चढउताराचे मापही काढता येते. एका पझेशनमधून बहुतेक वेळा शून्य, दोन किंवा तीन गुण मिळतात, कधी एक. त्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून नेहमी पडणारे अंतर, साधारण १.१५ धरता येते. दोन अगदी तुल्यबळ संघ एकमेकांविरुद्ध २६-२६ पझेशन खेळले, तर निव्वळ योगायोगाने पडणाऱ्या फरकाचे प्रमाण विचलन ८ गुणांच्या थोडे वर येते. म्हणजे तीनपैकी सुमारे एका वेळी, कोणीही सरस नसताना, एक बाजू आठहून अधिक गुणांनी पुढे दिसेल. आणि ठरावीक एक बाजू १२ किंवा त्याहून अधिक गुणांनी पुढे दिसण्याची वेळ साधारण बारांतून एकदा येईल.

आता खरी अडचण. तुम्ही एकच लाइनअप तपासलेली नसते. दहा खेळाडूंमधून पाच निवडण्याचे २५२ प्रकार होतात. त्यांतले डझनभर तरी स्पर्धेत एवढा वेळ वापरले जातात असे धरा. बारांतल्या बाराही लाइनअप अगदी सारख्या असल्या, तरी त्यांतली निदान एक अधिक ४६ दाखवील याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. वहीत सर्वांत वर दिसणारी लाइनअप आपण निवडतो, तेव्हा चांगल्या खेळाबरोबर सर्वांत मोठे नशीबही निवडत असतो. म्हणूनच ती पुढच्या सामन्यात खाली येते, आणि मग मुलांनी ढिलाई केली असा आरोप होतो. हे मला फार अन्यायाचे वाटते, कारण सतरा-अठरा वर्षांचा मुलगा तो आरोप खरा मानून घरी जातो.

मग किती पझेशन पुरेशी? चूक निम्मी करायची तर पझेशन चौपट लागतात. ४०० पझेशननंतरही नेट रेटिंगमध्ये योगायोगाचा वाटा अधिक-उणे ८ इतका उरतो, आणि ४०० पझेशन म्हणजे तेच पाच जण पाच पूर्ण सामने एकही बदली न करता खेळले पाहिजेत. १००० पझेशननंतर तो ५वर येतो. एनबीएत एका संघाला हंगामात ८२ सामन्यांची ३,९३६ मिनिटे मिळतात, तरी तिथेही बहुतेक लाइनअपना या संख्येच्या जवळपासही जाता येत नाही. आपल्या जिल्हास्तरीय स्पर्धांचा तर प्रश्नच नाही.

म्हणून त्या अधिक ४६ला किती मान द्यायचा, तेही हिशेबानेच ठरवावे. लाइनअपच्या खऱ्या दर्जातला फरक संघाच्या सरासरीभोवती साधारण ६ गुणांचा असतो असे मानले, तर २६ पझेशनच्या निरीक्षणाला सुमारे साडेतीन टक्के वजन मिळते आणि उरलेले सगळे संघाच्या सरासरीला. तुमच्या संघाचे एकूण नेट रेटिंग अधिक ४ असेल, तर या लाइनअपचा वाजवी अंदाज होतो सुमारे साडेपाच. सरासरीपेक्षा किंचित वर, इतकेच. ६ हे माझे गृहीतक आहे. तुम्ही ८ घेतलेत तरी अंदाज साडेसहाच्या आसपासच राहतो.

एक प्रत्यक्ष घटना सांगतो. २०१५च्या एनबीए अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट १-२ने मागे असताना प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी चौथ्या सामन्यात सेंटर अँड्र्यू बोगट यांच्या जागी आंद्रे इग्वोडाला यांना सुरुवातीला उतरवले. क्लीव्हलँडने पहिले सात गुण घेतले. त्या घटकेला त्या लाइनअपचे नेट रेटिंग भयानक होते. कर यांनी टाइमआउट घेतला, पण लाइनअप तीच ठेवली, कारण उंच सेंटर काढून मैदान मोकळे करायचे आणि खेळाचा वेग वाढवायचा हे त्यामागचे कारण सात गुणांनी खोटे पडलेले नव्हते. तो सामना त्यांनी १०३-८२ असा जिंकला आणि पुढे मालिकाही.

तेव्हा वहीतल्या नेट रेटिंगला निवडीचे कारण करण्याआधी तीन रकाने वाढवा. समोर प्रतिस्पर्ध्याचे मुख्य खेळाडू होते की राखीव, हा पहिला. निकाल ठरून गेल्यावरची मिनिटे मोजणीतच घेऊ नका. आपल्याला आणि त्यांना मोकळे शॉट किती मिळाले, मग ते गेले असोत वा नसोत, हा दुसरा. रिबाउंड आणि टर्नओव्हर, हा तिसरा. हे आकडेही डळमळतात, पण शॉट आत जाण्याच्या नशिबापासून ते बरेच दूर असतात. पाचांऐवजी दोघादोघांच्या जोड्या मोजल्या तर मिनिटे कितीतरी वाढतात; तुमचा गार्ड आणि सेंटर एकत्र असताना काय होते, हे स्पर्धेच्या अखेरीस थोड्या भरवशाने सांगता येते. आणि त्या १४ मिनिटांच्या लाइनअपला पुढच्या सामन्यात आणखी सहा-आठ मिनिटे जरूर द्या. फक्त तिच्यासाठी सुरुवातीच्या पाचांतल्या ज्या मुलाला बसवणार असाल, त्याला बसवण्याचे कारण तुम्हाला त्या आकड्याचे नावही न घेता सांगता आले पाहिजे.