दाब बाहेर, दुखणं आत

मंडळी, आधी हात वर करा. जाड भिंतीचा पोकळ पोलादी गोळा खोल समुद्रात सोडला, पाणी बाहेरून दाबतंय. धातू आधी कुठे हार मानेल? बहुतेक हात ‘बाहेर’ म्हणताहेत. पुढच्या रांगेतले दोघे एकमेकांकडे बघून मग हात वर करताहेत, तेही मोजले!

याच उत्तराने मला एकदा फार त्रास दिला. एका चाचणीत धातू किती ताणला-दबला ते मोजणारे सगळे स्ट्रेन गेज गोळ्याला बाहेरून चिकटवले होते. कारण? दाब बाहेरून. आलेख जवळजवळ सरळ, सगळे खूश. मी हट्टाने आत एक गेज लावायला लावला. पुन्हा दाब चढवला, उतरवला, आणि आतला आकडा शून्यावर परतलाच नाही. म्हणजे आतला धातू कायमचा वाकला होता. तो आकडा वहीत उतरवताना झालेली चिडचिड अजून गेलेली नाही.

आता खरा गोळा घेऊ. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘ट्रिएस्त’ या पाणबुडीयानातून समुद्राच्या सर्वांत खोल जागी, चॅलेंजर डीपच्या तळाशी गेले. गोळ्याचा बाहेरचा व्यास सुमारे २.१६ मीटर, भिंत १२.७ सेंटिमीटर. दाब ११० मेगापास्कल धरू. पातळ भिंतीचं सूत्र, मधली त्रिज्या घेऊन, धातूतला स्ट्रेस ४४० मेगापास्कल देतं. जाड भिंतीचं सूत्र आतल्या पृष्ठावर देतं

σ = 1.5·p·b³/(b³−a³)

यात p बाहेरचा दाब, b गोळ्याची बाहेरची त्रिज्या, a आतली. उत्तर सुमारे ५२७. बाहेर मात्र ४७२. शिवाय बाहेरच्या थराला पाणी त्रिज्येच्या दिशेनेही ११० ने दाबतं. पोलाद सगळीकडून सारखं दाबलं तर नमत नाही, नमतं ते दिशांमधल्या फरकाने. बाहेर फरक ३६२, आत पूर्ण ५२७, कारण आतून आधार द्यायला काहीच नाही.

हे डोळ्यांसमोर आणा: आतला पृष्ठ सुमारे १.७ मिलिमीटर आत सरकतो, बाहेरचा साधारण १.५५. दाबाखाली भिंत केसभर जाड होते!

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मूळ विषय कोसळण्याचा होता, तो घाईत सांगतो. ज्या स्ट्रेसला धातू नमतो तो σy धरला, तर आत नमणं सुरू होतं p = (2/3)·σy·(1−a³/b³) ला. पूर्ण भिंत नमते p = 2·σy·ln(b/a) ला. या गोळ्यासाठी दोन्हींत सुमारे २० टक्क्यांचं अंतर आहे. पातळ गोळे धातू नमण्याआधीच चेपतात, पण इतक्या जाड गोळ्याला ती भीती फार दूर आहे.

आणि भिंत वाटेल तेवढी जाड करा, आतल्या पृष्ठावरचा स्ट्रेस बाहेरच्या दाबाच्या दीडपटीखाली येत नाही. तेव्हा आत कंस वेल्ड करायचा असेल, तर आधी मला विचारा. प्रश्न असतील तर बाहेर चहाच्या वेळी सांगतो, चिठ्ठी दुसऱ्यांदा आलीय.